शुगरमुळे पाय सुन्न झाले असतील तर : रोज काय बघायचे, कधी धावायचे



या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही एका कागदाची गोष्ट सांगणार आहोत. तो कागद आमच्या वस्तीतल्या एका मावशींना दवाखान्यातून घरी सोडताना मिळाला होता. दोन्ही बाजूंनी इंग्रजीत छापलेला. देताना एवढेच सांगितले, "घरी गेल्यावर वाचा आणि तसं करा."

मावशींचे वय सत्तावन्न. बारा वर्षांपासून शुगर. चार घरची धुणीभांडी करतात. मे महिन्यात शेजारणीच्या गच्चीवर कुरडया घालायला गेल्या आणि भर दुपारी अनवाणी पायांनी तापलेल्या स्लॅबवर पंधरा-वीस मिनिटे उभ्या राहिल्या. त्यांना काहीच जाणवले नाही. दोन दिवसांनी नातीने विचारले, "आजी, पाय न पुसताच आलीस का? फरशीवर ओले ठसे उमटलेत." ते पाणी नव्हते. डाव्या तळव्याला मोठा फोड येऊन फुटला होता आणि त्यातले पाणी फरशीला लागत होते. मावशींनी हळद भरली, फडके बांधले आणि कामाला गेल्या. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. दवाखान्यात अकरा दिवस काढावे लागले आणि डाव्या पायाची करंगळी काढावी लागली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा विचारले, "मावशी, आठ दिवस थांबलात कशाला?" त्या म्हणाल्या, "दुखतच नव्हतं ताई. दुखलं असतं तर गेले नसते का?"

या एका वाक्यात सगळा आजार आहे. म्हणून आधी ते समजून घेऊ आणि मग कागदाकडे येऊ.

दुखत नाही, हाच धोका

शुगर अनेक वर्षे वाढलेली राहिली की नसा खराब होतात. इथे नसा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, तर स्पर्श, गरम-थंड आणि दुखणे यांची खबर मेंदूकडे नेणाऱ्या. सगळ्यांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्या आधी बिघडतात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, गादीवर चालल्यासारखे वाटते. पुढे ही आग कमी होते. माणसाला वाटते, औषधाने बरे वाटले. खरे तर पुष्कळदा नस पूर्ण सुन्न झालेली असते. मावशींचेही तसेच झाले होते. दोन वर्षांपूर्वी त्या आग होते म्हणून रात्री पाय भिंतीला लावून झोपायच्या. मग आग थांबली आणि त्या निश्चिंत झाल्या.

आपल्या पायात काटा गेला तर आपण लंगडतो. लंगडणे म्हणजे जखमेवर भार न देणे. त्यामुळे जखमेला विसावा मिळतो आणि ती भरते. सुन्न पायाचा माणूस लंगडत नाही. उघड्या जखमेवर पूर्ण वजन टाकून तो दिवसभर चालतो आणि प्रत्येक पावलागणिक जखम आत आत जाते. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत हाडापर्यंत पोहोचलेली असू शकते.

आणखी दोन गोष्टी घडतात. पायाला घाम येणे कमी होते, त्यामुळे कातडी कोरडी पडून टाचेला भेगा जातात आणि भेगेतून जंतू शिरतात. आणि बोटे हळूहळू वाकडी होतात, त्यामुळे चवड्यावर एकाच जागी भार पडून घट्टा तयार होतो. पुष्कळदा या घट्ट्याखालीच जखम लपलेली असते.

कागदातले शब्द आणि मावशींचा अर्थ

मावशींच्या गल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने तो कागद डिक्शनरी घेऊन मराठीत लिहून दिला होता. मुलाने मनापासून काम केले होते, एकही ओळ सोडली नव्हती. आम्ही मावशींना एकेक ओळ वाचून दाखवली आणि विचारले, "यातून तुम्हाला काय कळलं?"

पहिली ओळ होती, "पायांची बधिरता असल्यास काळजी घ्यावी." मावशी म्हणाल्या, "बधिर म्हणजे बहिरा ना? मला तर चांगलं ऐकू येतं."

दुसरी ओळ, "पायांची दररोज तपासणी करावी." मावशी म्हणाल्या, "रोज तपासणीला जायचं? एका खेपेचं रिक्षाभाडं किती होतं माहीत आहे का? आणि केसपेपरची लाईन वेगळी." तपासणी म्हणजे दवाखान्यात जाऊन, यंत्रावर, नंबर लावून करायची गोष्ट, असा त्यांचा अर्थ होता. तो चुकीचा कसा म्हणायचा?

तिसरी ओळ, "अनवाणी चालणे टाळावे." यावर त्या म्हणाल्या, "रस्त्यावर मी चप्पल घालतेच की." घरात, मोरीत, नळावर, गच्चीवर चप्पल घालायची हे त्या ओळीत कुठेच नव्हते.

चौथी ओळ सगळ्यांत घातक होती. "वेदना अथवा इजा झाल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा." मावशींच्या दृष्टीने याचा अर्थ एकच, दुखले की जायचे. पण ज्या पायाला दुखतच नाही त्याने दुखण्याची वाट बघायची म्हणजे बोट काळे पडेपर्यंत बसून राहायचे.

म्हणून आम्ही तो कागद मावशींच्या समोर बसून, त्यांच्याच शब्दांत पुन्हा लिहिला. 'बधिरता' काढून 'पाय सुन्न, कळत नाही' असे घातले. 'तपासणी'च्या जागी 'रोज रात्री पाय बघा' असे लिहिले. 'वेदना' हा शब्द पूर्ण काढून टाकला. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळ मावशींकडून त्यांच्या भाषेत वदवून घेतली. जिथे त्या अडल्या तिथे ओळ बदलली. तो पूर्ण कागद लेखाच्या शेवटी दिला आहे. त्याआधी त्यातल्या ज्या गोष्टींवर घराघरांत प्रश्न येतात, त्या नीट सांगतो.

आधी घरच्या घरी ओळखा

पाय सुन्न आहे का, हे माणसाला स्वतःला नेहमी कळत नाही. दवाखान्यात एका बारीक नायलॉनच्या धाग्याने तळव्याला स्पर्श करून बघतात. घरीही एक सोपी पद्धत वापरता येते.

माणसाला आडवे झोपवा, डोळे मिटायला सांगा. दुसऱ्याने तर्जनीच्या टोकाने पायाच्या बोटाच्या टोकाला हलका स्पर्श करायचा, एक ते दोन सेकंद. दाबायचे नाही, घासायचे नाही, टिचकी मारायची नाही. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी अशी सहा ठिकाणे होतात. स्पर्श कळला की त्यांनी 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे. एका ठिकाणी एकदाच स्पर्श करायचा, कळला नाही म्हणून पुन्हा करून बघायचे नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पाय सुन्न झाला आहे असे धरून चाला आणि डॉक्टरांना दाखवा. मावशींना सहापैकी एकही स्पर्श कळला नव्हता. त्या डोळे मिटून विचारत होत्या, "सुरू करताय ना?"

ज्यांना शुगर आहे त्यांनी वर्षातून निदान एकदा डॉक्टरांना दोन्ही पाय उघडे करून दाखवावेत. पाय सुन्न असतील आणि सोबत बोटे वाकडी झाली असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर दर तीन ते सहा महिन्यांनी. एकदा जखम होऊन गेली असेल, तर दर एक ते तीन महिन्यांनी. पायाची नाडी लागते का, हेही तेव्हा बघायला सांगा. बिडी, सिगारेट ओढणाऱ्यांच्या पायाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि अशा पायाची जखम भरत नाही.

रोज रात्री पाच मिनिटे

वेळ ठरलेली हवी. मावशींच्या घरी रात्रीच्या वंदनेनंतर पाय बघायचे ठरले. नात बघते, कारण मावशींना तळवा दिसत नाही आणि शुगरमुळे नजरही कमी झाली आहे. एकटे राहणाऱ्यांनी जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरावा. घरात मोबाईल असेल तर दर रविवारी तळव्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे मागच्या आठवड्याशी जुळवून बघता येते.

ट्यूबलाइट किंवा बॅटरीच्या उजेडात बघा. आधी तळवा, मग टाच, मग पायाच्या कडा, मग वरचा भाग आणि शेवटी बोटांच्या बेचक्या. बेचक्या बोटे फाकवून बघायच्या. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात आणि गल्लीतल्या चिखलात उभे राहून बेचक्यांत चिखल्या होतात. ज्याला कळते त्याला त्या खाजतात, सुन्न पायाला खाजतही नाहीत, आणि तिथूनच जंतू शिरतात. घट्ट्यात काळसर किंवा लालसर डाग दिसला, तर आत रक्त साकळले आहे असे समजा. तो जखमेचा आधीचा टप्पा आहे.

बघून झाले की दोन्ही पायांवर हाताची मागची बाजू ठेवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का? गरम जागा म्हणजे आत सूज. कातडी फाटण्याच्या आधी ही खूण मिळू शकते. मोज्यांवरही नजर टाका. मोजे सुती, सैल आणि पांढरे घ्या. रक्ताचा किंवा पाण्याचा डाग पांढऱ्यावर लगेच दिसतो.

धुणे, पुसणे, तेल, नखे

पाय रोज साबणाने धुवा, पण भिजत घालून बसू नका. जास्त भिजले की कातडी मऊ होऊन फाटते. कोमट पाण्यात पाय घालण्यापूर्वी कोपराने पाणी बघा, किंवा शुगर नसलेल्या घरच्या माणसाला हात घालायला सांगा. हाताच्या बोटांनी बघू नका, जुन्या शुगरमध्ये हातही सुन्न होतात. पाय टेकवून पाणी बघणे तर कधीच नको. थंडीत गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडी पायाजवळ घेऊ नका. रात्री पाय भाजतो आणि सकाळी फोड दिसतो.

धुतल्यावर मऊ फडक्याने टिपून कोरडे करा, बेचक्यासुद्धा. मग तळव्याला, टाचेला आणि वरच्या बाजूला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. बेचक्यांत तेल लावू नका, तिथे ओल राहते आणि चिखल्या वाढतात.

नखे सरळ कापा, कोपरे आत खोल कोरू नका, त्याने नखुरडे होते. नजर कमी असेल तर दुसऱ्याकडून कापून घ्या. टाचेच्या भेगा वजरीने घासू नका. घट्टा किंवा कुरूप ब्लेडने कापू नका. मेडिकलमध्ये मिळणारी कुरपाची पट्टी लावू नका, तिच्यात कातडी जाळणारे औषध असते आणि ते भोवतालची चांगली कातडीही जाळते. आमच्याकडे आलेली एक जखम अशाच पट्टीने झाली होती.

चप्पल घरातही, आणि विहारात?

सुन्न पायाने जमिनीला कधीच उघडे लागायचे नाही. घरात एक चप्पल वेगळी ठेवा, रात्री लघवीला उठतानाही ती पायात हवी. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका आणि आत हात फिरवा. खडा, खिळ्याचे टोक, बाटलीचे झाकण अशा वस्तूंवर माणूस दिवसभर उभा राहतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. अंगठ्याची साधी स्लीपर नको. तिचा पट्टा बेचकीत घासतो, आणि पायातून निसटली तरी सुन्न पायाला कळत नाही. मागे पट्टा असलेली, पुढून रुंद, तळ आतून मऊ आणि बाहेरून टणक अशी चप्पल घ्या. एम.सी.आर. नावाच्या मऊ रबराची चप्पल यासाठी चांगली. ती कुठे मिळेल हे डॉक्टरांना विचारा. चप्पल संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप खरे कळते. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच घाला, काढल्यावर पाय बघा.

मावशींनी हे सगळे मान्य केले आणि एका गोष्टीवर अडून बसल्या. "विहारात चप्पल घालून जायचं? ते माझ्याच्यानं व्हायचं नाही." आमच्या विहाराच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. एप्रिल-मेमध्ये ती तव्यासारखी तापते. जयंतीच्या दिवशी तर तासन् तास तिथे उभे राहावे लागते.

आम्ही भन्तेजींना विचारले. त्यांनी विनयपिटकातल्या महावग्गातली हकीकत सांगितली. सोण कोळिविस नावाच्या भिक्खूचे पाय चंक्रमण करून फाटले, वाटेवर रक्त सांडले. ते पाहून तथागतांनी त्यांना पादत्राण वापरायला परवानगी दिली. सोण म्हणाले, एकट्याला नको, संघाला देणार असाल तर घेईन. तेव्हा सगळ्या भिक्खूंना परवानगी मिळाली. पुढे आरामात, म्हणजे विहाराच्या आवारात, पादत्राण घालू नये असा नियम झाला. पण एका भिक्खूच्या पायाला कुरूप झाले होते आणि त्याला इतर भिक्खू उचलून बाहेर नेत होते. तथागतांनी ते पाहिले आणि ज्याचे पाय दुखतात, फाटले आहेत किंवा ज्याला कुरूप आहे, त्याने पादत्राण वापरावे अशी सूट दिली. पुढच्या रविवारी भन्तेजींनी हे सर्वांसमोर सांगितले. आता विहाराच्या दाराशी एका पेटीत स्वच्छ, फक्त आत घालायच्या चपला ठेवल्या आहेत. शुगर असलेले सातजण त्या वापरतात. कोणी काही बोलत नाही.

दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. तासन् तास रांगेत उभे राहावे लागते आणि चालणे खूप होते. जुनी, पायात बसलेली चप्पल घाला, मोज्यांचा एक जोड जास्तीचा ठेवा आणि दर दोन-तीन तासांनी बाजूला बसून पाय बघा.

वस्तीत आणखी एक धोका आहे, तो इंग्रजी कागदात नव्हता. उंदीर रात्री सुन्न पाय कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. जेवणाचा वास राहू नये म्हणून झोपण्यापूर्वी पाय धुवा, सैल मोजे घाला, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा.

जुलैमध्ये काय झाले

कागद भिंतीला लावून दीड महिना झाला होता. पावसामुळे मावशींनी नवी प्लॅस्टिकची सँडल घेतली आणि पहिल्याच दिवशी चारही घरी घालून गेल्या. रात्री नातीला उजव्या अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढी लाल, ओलसर जागा दिसली. मावशी म्हणाल्या, "काही नाही, बघू दोन दिवस." नातीने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे लिहिले होते, 'दुखत नसले तरी त्याच दिवशी.'

नातीने उकळून गार केलेल्या पाण्याने जागा धुतली, टिपली, मेडिकलमधून आणलेले स्वच्छ गॉज ठेवून सैल पट्टी बांधली. हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती यातले काहीही भरले नाही. डेटॉलही ओतले नाही. या वस्तू जखम झाकतात किंवा जाळतात आणि डॉक्टरांना आतले दिसत नाही. रात्री उशीर झाला होता, ताप नव्हता, लाली पसरत नव्हती, म्हणून सकाळी पहिल्या नंबरला मावशी दवाखान्यात होत्या.

डॉक्टरांनी ड्रेसिंग केले, शुगर बघून औषध बदलले आणि सांगितले, तीन आठवडे या पायावर भार नको. इथे खरी अडचण आली. तीन आठवडे घरी बसायचे तर चार घरचा पगार जाणार, कदाचित कामही जाणार. पण भार न काढता नुसते ड्रेसिंग म्हणजे एका हाताने भरायचे आणि दुसऱ्या हाताने उकरायचे. शेवटी मावशींच्या बचत गटातल्या दोघींनी ती घरे वाटून घेतली, पगार अर्धा-अर्धा. मावशी कुबडी घेऊन फक्त मोरीपर्यंत चालल्या. तेविसाव्या दिवशी जखम भरली. बोट वाचले.

मेमध्ये आणि जुलैमध्ये पाय तोच सुन्न होता, शुगरही जवळपास तेवढीच होती. फरक एवढाच की, मेमध्ये जखम आठव्या दिवशी डॉक्टरांपुढे गेली आणि जुलैमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाय बघितल्याने सुन्नपणा जात नाही. गेलेली जाणीव बहुतेक वेळा परत येत नाही. शुगर आटोक्यात ठेवली तर पुढचे नुकसान कमी होते, म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका.

एक फसवी खूण

जखम नाही, दुखत नाही किंवा थोडेसेच दुखते, पण एक पाय सुजलेला, लाल आणि दुसऱ्यापेक्षा गरम आहे. अशा वेळी घरात म्हणतात, मुरगळला असेल, आणि तेल लावून चोळतात. सुन्न पायात हे आतली हाडे आणि सांधे मोडत असल्याचे लक्षण असू शकते. चालत राहिले तर काही आठवड्यांत तळव्याची कमान बसते आणि पाय कायमचा वाकडा होतो. असा पाय चोळू नका, शेकू नका. चालणे तिथेच थांबवा आणि रिक्षाने दवाखान्यात जा. डॉक्टरांना हे शब्द सांगा, "शुगर आहे, पाय सुन्न आहे, आणि हा पाय गरम लागतो."

भिंतीवर लावायचा कागद

हा भाग कापून, दिसेल अशा ठिकाणी लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या तोंडून परत म्हणवून घ्या.

*माझे पाय सुन्न आहेत. मला दुखणार नाही. म्हणून रोज बघायचे.*

रोज रात्री :
१. उजेडात तळवा, टाच, कडा, वरचा भाग आणि बेचक्या बघा. स्वतःला दिसत नसेल तर घरच्याने बघायचे.
२. दोन्ही पायांना हात लावा. एक जास्त गरम आहे का?
३. धुवा, टिपा, बेचक्या कोरड्या करा. तेल बेचक्या सोडून.
४. मोज्यांवर डाग आहे का ते बघा.

रोज सकाळी :
५. चप्पल झटका, आत हात फिरवा, मग घाला. घरातही चप्पल.

कधीच नाही :
६. ब्लेड, वजरी, कुरपाची पट्टी, गरम पाण्याची पिशवी, शेगडी, तापलेली फरशी.
७. जखमेत हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती.

दुखत नसले तरी त्याच दिवशी दवाखाना (रात्री उशिरा दिसले तर सकाळी पहिल्या नंबरला) :
८. फोड, चीर, ओली जागा, भाजलेले, उंदराचा चावा.
९. नवी लाली, सूज, घट्ट्यात काळा डाग.
१०. एक पाय गरम आणि सुजलेला. चालायचे नाही, रिक्षाने जायचे.

रात्र असली तरी लगेच मोठा दवाखाना :
११. जखम आहे आणि ताप किंवा थंडी वाजते.
१२. बोट काळे-निळे पडले, किंवा पाय गार आणि पांढरा पडला.
१३. पू किंवा घाण वास येतो.
१४. लाली वर चढते आहे.
१५. जखम आहे आणि शुगर अचानक खूप वाढली, किंवा माणूस गुंगीत आहे, नीट बोलत नाही.

दवाखान्यात गेल्यावर स्वतःहून सांगा : "मला शुगर आहे, पाय सुन्न आहे, ही जखम अमुक दिवसापासून आहे." चप्पल-मोजे काढून दोन्ही पाय दाखवा. विचारल्याशिवाय पाय बघितले जातीलच असे नाही.

मावशींच्या घरी हा कागद मोरीच्या दारावर आहे. करंगळी गेलेला पाय आणि वाचलेला अंगठा, दोन्ही रोज रात्री नातीच्या मांडीवर असतात. परवा ती म्हणाली, "आजी, आज काही नाही." मावशी म्हणाल्या, "बेचक्या बघितल्यास का?"